कोण झोपलंय?

साडेतीन वाजून गेले की काका मला चाय देत नाहीत. ठेल्याशी जाऊन उभी राहिले की आधी माझ्या तोंडाकडे बघतात, मग छपराच्या बांबूला अडकवलेल्या घड्याळाकडे, आणि काचेच्या ग्लासात गरम दूध ओतून पुढे करतात. त्यात चिमूटभर सुंठ असते. पैसे चायचेच घेतात. सुरुवातीला मला याचा राग यायचा. रात्रभर राबणाऱ्या माणसाने काय प्यावं हे ठेलेवाला कोण ठरवणार, असं वाटायचं. आता दूध मिळालं की मुकाट्याने पिते.

मी रक्तपेढीत टेक्निशियन आहे. इंदुरात, छावणीकडून सरवटे बसस्टँडला जाताना लागणाऱ्या एका रुग्णालयात. रात्री आठ ते सकाळी आठ अशी ड्युटी, आठवड्यात पाच रात्री. रात्री खालच्या मजल्यावर मी आणि मदतनीस मावशी, दोघीच. ड्युटीवरचे डॉक्टर वरच्या खोलीत, फोन केला की येतात. बाकी सोबत यंत्रांची. लाल पेशींच्या पिशव्यांचा फ्रिज, तो दोन ते सहा डिग्रीवर राहायलाच हवा. त्याच्या शेजारी प्लेटलेट्सचं कपाट. त्या पिशव्यांना गारवा चालत नाही, बावीस डिग्रीच्या आसपास ठेवून त्यांना चोवीस तास झुलवत ठेवावं लागतं, तेव्हा कुठे पाच दिवस टिकतात. त्या झुल्याचा खट्-सर्र, खट्-सर्र असा आवाज पहिले सहा महिने माझ्या स्वप्नात यायचा. सुदामा नगरातल्या घरी दिवसा पडदे ओढून पडले तरी तोच आवाज. कॉलनीतल्या बायका हळदीकुंकवाला बोलवायच्या ती माझी झोपेची वेळ. नवरा ऑफिसातून यायचा तेव्हा मी डबा भरत असायची. माणसांच्या शहरात राहून माणसं दिसेनाशी झाली होती.

ठेल्यावर मला मावशींनी नेलं. रुग्णालयाच्या फाटकापासून मोजून चाळीस पावलं. एक रात्र फार जड गेली होती, सलग चार क्रॉसमॅच झाल्या होत्या, म्हणजे पिशवीतलं रक्त पेशंटच्या रक्ताशी जुळतं का ते चार वेळा तपासून झालं होतं. मावशी म्हणाल्या, ‘‘मी फोनजवळ बसते, तू दहा मिनिटं बाहेर जाऊन ये, चेहरा बघ कसा झालाय.’’ रात्री अडीच वाजता एकटी बाई ठेल्यावर जाणार, हे मला कसंतरीच वाटलं. गेले, तर पाच-सहा पुरुष उभे होते. कुणी वळून पाहिलं नाही. काकांनी फक्त बाकाचा एक कोपरा फडक्याने पुसला आणि म्हणाले, ‘‘बसा ताई. दवाखान्यातल्या ना? कपड्यांना स्पिरिटचा वास येऊन राहिला आहे.’’ अशी मराठी आमच्या इंदुरातच ऐकू येते. मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं.

त्यांचं चाय करणं पाहत बसण्यासारखं आहे. आधी पाणी, त्यात ठेचलेलं आलं, आणि ते चांगलं खळखळू द्यायचं. दूध नंतर. एकदा नवीन पोऱ्याने कच्च्या दुधातच आलं टाकलं आणि भांडंभर दूध फाटलं. आल्यात असं काही असतं की ते दुधाला फाडतं, आणि उकळलं की त्याचा जोर जातो. काकांना त्याचं शास्त्र माहीत नाही, पण चूक होण्याआधीच त्यांचा हात पुढे येतो. दूध संध्याकाळचं असतं, पहाटेपर्यंत पुरवायचं असतं. म्हणून दर दोन तासांनी ते पूर्ण उकळायचं. पावसाळी उकाड्यात तर प्रत्येक वेळी आधी चमचाभर दूध वेगळं तापवून बघायचं, मगच भगोन्यात ओतायचं. मी एकदा म्हटलं, ‘‘काका, तुमचं नि माझं काम एकच. टिकणार नाही ते टिकवत बसायचं.’’ ते हसले नाहीत. म्हणाले, ‘‘तुमचं फाटलं तर माणूस जातो, ताई.’’

हळूहळू माणसं ओळखीची झाली. ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर, खांडव्याच्या बसचा कंडक्टर, दोन रिक्षावाले, एटीएमचा चौकीदार, नगर निगमच्या झाडूवाल्या ताई. त्यांच्या जॅकेटवरच्या पट्ट्या गाडीच्या उजेडात चमकतात, त्यामुळे त्या लांबूनच कळतात. तीन वाजले की आणखी काही जण यायचे. पेपरवाला भिया, गठ्ठे उचलून त्यात पुरवण्या भरायला निघालेला. पुढच्या कोपऱ्यावरचे पोहेवाले, तोंड धुऊन, केस विंचरून, कपाळाला गंध लावून. इंदुरी पोहे वाफेवर ठेवतात, म्हणून त्यांना पहाटेच पाणी चढवावं लागतं. बडीशेप, जिरावन, सगळी तयारी आधी.

मला समजायला बरेच दिवस लागले की तीन वाजता या ठेल्यावर दोन जाती एकत्र येतात. एक, न झोपलेल्यांची. दुसरी, उठलेल्यांची. आमची अजून कालची रात्र चालू असते, त्यांची उद्याची सकाळ झालेली असते. आमचे डोळे लाल, आवाज घोगरे. त्यांच्या अंगाला साबणाचा वास. चाय एकच, पण आम्ही ती तग धरायला पितो आणि ते दिवस उघडायला. काका आम्हाला ‘‘काय, संपली का?’’ विचारतात आणि त्यांना ‘‘काय, झाली का?’’ दोन्ही प्रश्न झोपेचेच.

झोपेचा हा हिशेब काकांकडे वडिलांकडून आलेला. वडील हुकुमचंद मिलमध्ये होते, बरीच वर्षं तिसऱ्या पाळीत. १९९१ च्या डिसेंबरमध्ये मिल बंद झाली, घरात पगार यायचा थांबला आणि वडील-मुलाने मिळून हा ठेला टाकला. वडील सांगायचे, तिसऱ्या पाळीचा माणूस चारच्या सुमाराला चुकतो. तुटलेलं सूत त्याला दिसत नाही. दिसलं तरी हात उशिरा जातो. म्हणून चाय त्याच्या आधी प्यायची, तीनच्या आत. चारला प्यायलेली चाय चारच्या उपयोगी येत नाही आणि सकाळची झोपही नासवते. मी शिकले ते याहून वेगळं नाही. शरीराचं तापमान पहाटे चार-पाचच्या सुमाराला सगळ्यात खाली असतं, लक्षही तेव्हाच सर्वात पातळ होतं. चायमधलं कॅफीन निम्मं उतरायलाच पाचेक तास लागतात. आणि माझ्या कामात चुकीचं रक्त जातं ते बहुतेक वेळा तपासणी चुकल्यामुळे नाही. नाव चुकतं, नंबर चुकतो, नळीवर दुसऱ्याचं लेबल लागतं. तुटलेलं सूत दिसत नाही, तसंच हे. साडेतीननंतरचं दूध मला त्या दिवसापासून गोड लागू लागलं.

आता त्या रात्रीचं सांगते. २०२३ ची अनंत चतुर्दशी, २८ सप्टेंबर. इंदूरबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. त्या रात्री आमच्याकडे झाँक्या निघतात. बंद पडलेल्या कापड मिलचे कामगार अजूनही दरवर्षी देखावे उभे करतात, आणि दिव्यांनी लखलखणाऱ्या त्या गाड्या रात्रभर शहराच्या मधल्या भागातून फिरतात. गावंच्या गावं बघायला येतात. रस्ते बंद, रिक्षा बंद, आणि पोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत कुणी झोपत नाही.

दीडच्या पुढे प्रसूती विभागातून फोन आला. खरगोनकडची बाई, बाळंतपणानंतर रक्तस्राव थांबत नव्हता. गट बी निगेटिव्ह. आपल्याकडे आरएच निगेटिव्ह माणसं शंभरात पाचेक असतात, त्यातले बी म्हणजे शंभरात एक-दोन. फ्रिजमध्ये बी निगेटिव्हच्या दोन पिशव्या होत्या. ओ निगेटिव्ह असती तर चालली असती, पण ती आदल्या दिवशी अपघाताच्या पेशंटला लागली होती. मी दोन्ही क्रॉसमॅच लावल्या. जेल कार्डाला पंधरा मिनिटं सदतीस डिग्रीवर आणि मग दहा मिनिटं फिरवणं, यात घाई करता येत नाही. सव्वादोनला दोन्ही पिशव्या वर गेल्या. वीस मिनिटांत निरोप आला, अजून एक तरी लागेल. पॉझिटिव्ह रक्त अगदी जीव जायची वेळ आली तरच. निगेटिव्ह बाईला ते दिलं तर तिचं शरीर त्याच्याविरुद्ध तयार होऊन बसू शकतं, आणि पुढच्या बाळाला ते भोगावं लागतं.

मी फोन फिरवत राहिले. शहराच्या पश्चिमेकडच्या, अन्नपूर्णेच्या बाजूच्या एका रक्तपेढीत एक पिशवी होती. त्यांनी अडवून ठेवली. म्हणाले, ‘‘फॉर्म आणि पेशंटचं सँपल पाठवा, मॅच करून देतो.’’ पाठवायचं कसं? आमची एक ॲम्ब्युलन्स बाहेर गेलेली, दुसरी गर्दीत अडकलेली. मोबाइलवर गाडी मिळेना. बाईचा नवरा, वीस-बावीस वर्षांचा मुलगा, इंदुरात पहिल्यांदाच आलेला. मी मावशींना बसवलं, फॉर्म, सँपलची नळी आणि बर्फाच्या पॅकचा डबा घेतला, त्याला हाताला धरलं आणि थेट ठेल्यावर गेले.

तेव्हा तीनला दहा कमी होते. ठेल्यावर नेहमीच्या दुप्पट माणसं. मी धापा टाकत सांगितलं. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत ड्रायव्हरने बाही वर केली. ‘‘दीदी, मेरा ले लो.’’ मग कंडक्टर, मग चौकीदार, मग झाडूवाल्या ताई. मी त्यांना नाही म्हटलं, आणि ते म्हणताना मला फार वाईट वाटलं. गट कोणाचाच जुळत नव्हता ही एक गोष्ट. पण जुळला असता तरी मी घेतलं नसतं. आमचा नियम आहे, रात्रपाळी करून पुरेशी झोप न झालेल्याचं रक्त घ्यायचं नाही. लांब पल्ल्याच्या ड्रायव्हरला तर पुढच्या ड्युटीआधी चोवीस तास मोकळे हवेत. थकलेला माणूस रक्त देऊन चक्कर येऊन पडतो, आणि गाडी चालवताना पडला तर एकटा पडत नाही. शिवाय दिलेलं रक्त लगेच कुणाला चढवता येत नाही, पाच आजारांच्या तपासण्या झाल्याशिवाय पिशवी हलत नाही. मी एवढंच म्हटलं, ‘‘तुम्ही कोणी झोपलेला नाहीत. मला रक्त नको, रस्ता हवाय.’’

काकांनी भगोना खाली उतरवला, गॅस बारीक केला आणि सगळ्यांकडे बघून मोठ्याने विचारलं, ‘‘कोण झोपलंय?’’

त्या रात्री हा प्रश्न साधा नव्हता. उठलेल्यांच्या जातीतले निम्मे झाँक्यांना गेले होते. पोहेवाल्यांनीही मान हलवली, नातवाला खांद्यावर घेऊन ते बारापर्यंत जेल रोडला उभे होते. रिक्षावाले परवापासून जागे. मग मागून पेपरवाला भिया म्हणाला, ‘‘मी झोपलोय. सात ते दोन.’’ त्याने झाँकी पाहिली नव्हती. उद्या पेपरात झाँक्यांचे फोटो येणार, अंक जास्त जाणार, म्हणून गठ्ठे लवकर उचलायचे होते. त्याच्याकडे मोटरसायकल होती, आणि पावसातही गल्ल्या डोळे मिटून सांगता येतील अशी वीस वर्षांची पेपरची लाइन.

मग रस्त्यावर चर्चा झाली, पण ती मिनिटभरात. ड्रायव्हर म्हणाला, राजवाड्याकडे बघूही नको. रिक्षावाल्याने जूनी इंदूरचा पूल सांगितला, मग मोती तबेला, कलेक्टर ऑफिस, महू नाका. झाडूवाल्या ताईंनी कुठे बॅरिकेड लागलेत ते सांगितलं, कारण झाँक्या पुढे सरकल्या की मागून झाडत जायला त्यांच्याच टोळ्या उभ्या होत्या. मी भियाला डबा कसा धरायचा ते दाखवलं. पिशवी बर्फाला चिकटू द्यायची नाही, मध्ये पुठ्ठा ठेवायचा, कारण रक्ताचा बर्फ झाला की पेशी फुटतात आणि ती पिशवी फेकावी लागते. तो म्हणाला, ‘‘समजलं ताई, पेपर भिजू देत नाही तसं.’’ नवरा मागे बसला, डबा पोटाशी धरून.

ते गेले आणि मी खाली आले. पुढचा तास मी काय केलं ते मला नीट आठवत नाही. फ्रिजच्या तापमानाची नोंद केली असेल, कारण वहीत आहे. साडेतीनला काकांचा पोऱ्या दुधाचा ग्लास घेऊन खाली आला. असं याआधी कधी झालं नव्हतं. चार वाजून पाच मिनिटांनी भिया नि तो मुलगा दारात. दोघेही चिंब, डबा कोरडा. मी पिशवीचा गट पुन्हा तपासला. तो तपासावाच लागतो, दुसरीकडून मॅच होऊन आली तरी. मग नाव, नंबर, गट, मुदत, मोठ्याने वाचलं. मावशींनी फॉर्मवरून मोठ्याने उत्तर दिलं. मी म्हटलं, पुन्हा. मावशी काही बोलल्या नाहीत, पुन्हा वाचलं. चार वाजले होते ना. साडेचारच्या आत पिशवी वर गेली. रक्तस्राव थांबायला सहा वाजले. आठ दिवसांनी ती बाई बाळाला घेऊन घरी गेली.

भियाचे पेपर त्या दिवशी दोन तास उशिरा पोचले. आमच्या कॉलनीतही त्याच्याच लाइनचा पेपर येतो. शेजारचे काका कुरकुरत होते, तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि चश्मा पुसत बसले.

दोन दिवसांनी मी ड्युटीच्या आधी, संध्याकाळी पाच वाजता रक्तपेढीत गेले, कारण काकांनी फोन करून बोलावलं होतं. दारात सात जण उभे. सगळे आंघोळ करून, इस्त्रीचे कपडे घालून. दिवसाउजेडी त्यांना मी पहिल्यांदाच बघत होते, दोघांना तर ओळखलंच नाही. काका म्हणाले, ‘‘सगळे झोपून आलेत. सुट्टी पण टाकली आहे. जेवले पण आहेत, मी विचारलं.’’ सातातल्या पाच जणांचं रक्त घेतलं. चौकीदाराचं वजन पंचेचाळीस किलोला थोडं कमी भरलं. झाडूवाल्या ताईंचं हिमोग्लोबिन अकराच्या पुढे जेमतेम, आणि साडेबारा तरी लागतं. त्यांना फार लागलं ते. काही न बोलता पदर सारखा करून बाहेर जाऊन बसल्या. डॉक्टरांनी त्यांना लोहाच्या गोळ्या सुरू केल्या. काकांनी त्यांची चायही कमी केली, कारण जेवणाला लागून चाय घेतली की लोह अंगी लागत नाही, हे मीच त्यांना सांगितलं होतं. चार महिन्यांनी त्या पुन्हा आल्या. काटा पावणेतेराला पोचला होता. बोट टोचलेलं तसंच वर धरून त्या सगळ्या मजल्याला दाखवत फिरल्या.

ठेल्यावर उधारीची एक वही आहे, लाल कापडी पाठीची. तिचं शेवटचं पान आता माझं. नाव, गट, मागच्या वेळी रक्त दिल्याची तारीख. पुरुषांसाठी नव्वद दिवस पुढचे, बायकांसाठी एकशे वीस. आणि शेवटचा रकाना काकांनी स्वतः आखला, ‘झोप’. त्यात प्रत्येकाच्या नावापुढे वेळ आहे. ड्रायव्हर : सकाळी ९ ते ३. पोहेवाले : रात्री ८ ते २. भिया : ७ ते २. गट मात्र मी लायसन्सवरून लिहू दिले नाहीत. लायसन्सवर माणूस सांगेल तो गट छापतात आणि तो बरेचदा चुकीचा असतो, म्हणून एकेकाला खाली नेऊन तपासले. आता शहराच्या या टोकाला रात्री कोण कधी झोपतं हे माझ्याइतकं कुणालाच माहीत नसेल. माझंही नाव त्या पानावर आहे. सकाळी ९.३० ते ४. पडदे ओढून पडल्यावर आता झुल्याचा आवाज येत नाही. आधी मनात येतं, ड्रायव्हरही आत्ताच पडला असेल.

परवा, पौषातल्या थंडीत, अडीच वाजता मी ठेल्यावर गेले तर बाकावर एक मुलगा बसलेला. मान छातीवर पडलेली, पायाशी पोतं. तो नवरा. बसने खरगोनहून आला होता, पोत्यात लाल मिरची, ‘‘सबके लिए’’ म्हणाला. बायको बरी, मुलगी आता चालायला लागली आहे. काकांनी माझा ग्लास भरला आणि त्याच्यापुढे मात्र काही ठेवलं नाही. विचारलं, ‘‘झोपलास का?’’ त्याने मान हलवली, बस भरलेली होती, उभ्यानेच आला होता. काकांनी पोतं उचलून भट्टीमागे ठेवलं, छपरावरची घोंगडी काढली आणि त्याला बाकावर आडवा केला. आम्ही सगळे उभ्याने चाय प्यायलो. चारच्या सुमाराला मी फाटकातून मागे पाहिलं तेव्हा झाडूवाल्या ताई तिथवर झाडत पोचल्या होत्या. बाकाजवळ आल्या, थांबल्या, झाडू उचलून हातात घेतला, आणि पलीकडे गेल्यावर पुन्हा टेकवला.